नेट रडतंय आणि एपिसोड फोनमध्ये पडलेत, मग टीव्हीवर कसे बघायचे

आमच्या आत्याचं घर जुळे सोलापुरात आहे, तिच्या गल्लीत ड्रेनेजसाठी रस्ता उकरला तेव्हा फायबरची वायर तुटली आणि जोडून दिल्यावरही नेट काही आधीसारखं झालं नाही. सकाळी बरं चालतं, संध्याकाळी सातनंतर सगळी कॉलनी घरी आली की गोल गोल फिरत बसतं. तिची सिरीयल मात्र साडेसातची. माझा भाचा ओंकार हुशार आहे, त्याने दुपारीच कॉलेजच्या वायफायवर पाच एपिसोड फोनमध्ये डाउनलोड करून आणले आणि टीव्हीसमोर बसून कास्टचं बटण दाबलं. टीव्हीवर परत तेच, गोल गोल. आत्या म्हणाली, "अरे फोनमध्ये तर आहे म्हणालास की, मग फिरतंय कशाला?"

हा प्रश्न मला तेव्हापासून निदान सात-आठ जणांनी विचारलाय, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, ज्यांनी आजवर फोन कधी टीव्हीला जोडला नाही त्यांच्यासाठीच आहे हे.

आधी कास्टचं समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकतं

अॅपमध्ये कोपऱ्यात जे चौकोन आणि त्यात वायफायच्या रेघा असलेलं चिन्ह असतं ते दाबलं की आपल्याला वाटतं फोनमधलं चित्र टीव्हीवर जातंय. तसं होत नाही. फोन टीव्हीला फक्त सांगतो की अमुक सिरीयलचा अमुक एपिसोड लाव, आणि मग टीव्ही किंवा त्याच्या मागे लावलेली स्टिक स्वतः इंटरनेटवरून तो एपिसोड ओढायला लागते. फोन तिथे रिमोटचं काम करतो, बाकी काही नाही. त्यामुळे तुमच्या फोनमध्ये एपिसोड उतरवलेला असला काय आणि नसला काय, टीव्हीला त्याचा काही उपयोग नाही, त्याला नेट लागणारच. आणि आपलं नेट तर त्याच वेळी झोपलेलं असतं. काही अॅप तर डाउनलोड केलेल्या एपिसोडवर कास्टचं चिन्ह दाखवतच नाहीत, तेच बरं वाटतं मला, निदान फसगत होत नाही.

मग दुसरा विचार येतो की फाईल पेन ड्राईव्हवर घेऊन टीव्हीला लावू. तेही होत नाही. नेटफ्लिक्स, प्राईम, जिओहॉटस्टार, झी५, सोनीलिव यांचे डाउनलोड कुलूप लावलेले असतात, ते त्याच फोनमध्ये त्याच अॅपमध्ये उघडतात, फाईल मॅनेजरमध्ये शोधून कॉपी केली तरी टीव्ही वाचू शकत नाही. त्यात वेळ घालवू नका.

म्हणजे एपिसोड फोनच चालवणार आणि फोनने चित्र टीव्हीकडे पाठवायचं, हाच रस्ता उरतो. त्यात दोन वाटा, एक एचडीएमआयच्या वायरने, म्हणजे टीव्हीला चित्र आणि आवाज दोन्ही नेणाऱ्या वायरीने, आणि एक बिनवायरीने मिररिंग करून, म्हणजे फोनची स्क्रीन जशीच्या तशी टीव्हीवर दाखवून. माझं मत आधीच सांगतो, डाउनलोड केलेल्या एपिसोडसाठी वायरच. मिररिंगचं नंतर सांगतो, कधी चालतं आणि कधी काळी स्क्रीन येते ते.

तुमचा फोन वायरीतून चित्र देतो का, हे आधी बघा

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. टाईप सी चार्जिंगचा पॉइंट आहे म्हणजे टीव्हीला लागणार असं नसतं. पॉइंटचा आकार सारखाच, पण आत चित्र बाहेर पाठवायची सोय वेगळी लागते, तिला DisplayPort Alt Mode म्हणतात आणि ती कंपनीने फोनमध्ये दिलेली असावी लागते. नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, साध्या अॅडॅप्टरने चित्र येणार नाही, सेटिंगमध्ये शोधूनही सापडणार नाही, कारण ती वायरिंगच आत नाही.

आणखी एक गैरसमज, "माझ्या फोनला ओटीजी चालतं, पेन ड्राईव्ह लागतो, म्हणजे एचडीएमआय पण लागेल." नाही. ओटीजी म्हणजे फाईलींची देवाणघेवाण, चित्राचा त्याच्याशी संबंध नाही.

ओळखायचं कसं तर तुमच्या फोनचं पूर्ण मॉडेल नाव शोधा (सेटिंगमध्ये अगदी शेवटी अबाउट फोनमध्ये असतं) आणि इंटरनेटवर त्याचे स्पेसिफिकेशन काढा. यूएसबीच्या ओळीत `DisplayPort` असं लिहिलेलं असेल तर काम झालं. नुसतं `USB Type-C 2.0, OTG` असं असेल तर जवळपास नक्की नाहीच. साधारण अंदाज द्यायचा तर सॅमसंगच्या गॅलेक्सी एस सिरीजमध्ये एस ८ पासून ही सोय आहे, पण ए आणि एम सिरीजच्या बहुतेक फोनमध्ये नाही. आपल्याकडे जास्त खपणारे स्वस्तातले फोन कुठल्याही कंपनीचे असोत, त्यात सहसा नसते. आयफोनमध्ये १५ पासून पुढे टाईप सी आलं आणि बहुतेक मॉडेलमध्ये ते चित्र देतं, १४ आणि त्याच्या आधीच्यांना अॅपलचा लाइटनिंग डिजिटल एव्ही अॅडॅप्टर लागतो.

आमच्या घरात तेव्हा तीन फोन होते. आत्याचा सॅमसंगचा एम सिरीजवाला, ओंकारचा एक बजेट फोन आणि माझ्या बायकोचा गॅलेक्सी एस २१ एफई. तिघांचे स्पेसिफिकेशन काढले तेव्हा कळलं चित्र देणारा एकच, बायकोचा. म्हणजे एपिसोड त्याच फोनमध्ये उतरवायला लागणार, ओंकारच्या फोनमधले पाच एपिसोड वायरीच्या कामाचे नव्हतेच. हे आधी कळलं असतं तर त्याचा दुपारचा खटाटोप वाचला असता, म्हणून म्हणतोय, डाउनलोड करायच्या आधी फोन ठरवा.

अॅडॅप्टर घेताना

टाईप सी ते एचडीएमआय अॅडॅप्टर नवी पेठेत मोबाईल अॅक्सेसरीजच्या दुकानात मिळतात, ऑनलाईन पण मिळतात, पण मी म्हणेन दुकानातूनच घ्या आणि फोन बरोबर न्या, का ते आत्ता सांगतो.

मी आधी एक छोटा स्वस्तातला घेतला. घरी येऊन लावला, टीव्हीवर फोनचा होम स्क्रीन झकास दिसला, आत्या टाळी वाजवायच्या बेतात, आणि एपिसोड लावला तर स्क्रीन काळीकुट्ट. आवाज येतोय, खालची सबटायटलं पण दिसतायत, चित्र नाही. मी वायर काढून घालून बघितली, फोन रीस्टार्ट केला, टीव्ही बंद करून चालू केला, तासभर गेला.

कारण असं की विकत घेतलेल्या किंवा सबस्क्रिप्शनच्या व्हिडिओसाठी फोन आणि टीव्ही एकमेकांना आधी एक ओळख विचारतात, तिला `HDCP` म्हणतात. कोणी मध्ये रेकॉर्डिंगचं यंत्र लावून कॉपी करू नये म्हणून ते केलंय. फोन, अॅडॅप्टर, टीव्ही या साखळीतला एक जरी ही ओळख देऊ शकला नाही तर अॅप चित्र काळं करतं. होम स्क्रीन, फोटो, तुम्ही स्वतः काढलेला लग्नाचा व्हिडिओ हे सगळं दिसतं, कारण त्यांना कुलूप नाही. म्हणून फोटो दिसला म्हणून अॅडॅप्टर चांगला असं समजू नका.

त्यामुळे अॅडॅप्टरच्या खोक्यावर किंवा माहितीत HDCP लिहिलंय का बघा, आणि दुकानात फोन एअरोप्लेन मोडवर टाकून, डाउनलोड केलेला एपिसोडच तिथल्या टीव्हीवर लावून बघा. दुसऱ्या वेळी मी तेच केलं. दुकानवाले काका जरा वैतागले, म्हणाले, "होम स्क्रीन दिसतोय की साहेब, अजून काय पाहिजे?" मी म्हटलं, काका, दोन मिनिटं थांबा, एपिसोड चालला की लगेच पैसे देतो. चालला, दिले.

अजून दोन गोष्टी बघून घ्या. एक म्हणजे अॅडॅप्टरला चार्जरसाठी वेगळं टाईप सी भोक असू द्या, त्याला पीडी असं लिहिलेलं असतं. फोनला एकच पॉइंट, तो अॅडॅप्टरने अडवला की चार्जिंग बंद, आणि तीन एपिसोड सलग बघायचे म्हणजे बॅटरी चांगलीच उतरते. दुसरं म्हणजे जो अॅडॅप्टर किंवा वायर "आधी हे अॅप इन्स्टॉल करा" किंवा "फोनचं हॉटस्पॉट चालू करा" असं सांगतं ते घेऊ नका. "सगळ्या फोनला चालतं" असं म्हणून हेच विकलं जातं. ते फोनच्या स्क्रीनची नक्कल काढून पाठवतं, म्हणजे दिसायला वायर आणि आतून मिररिंगच, आणि कुलूपवाला एपिसोड त्यात काळाच दिसणार.

एचडीएमआय वायर ३ मीटरची घ्या, फोन सोफ्यावर हाताशी राहतो. टीव्हीबरोबर आलेली दीड मीटरची असली की प्रत्येक वेळी पॉज करायला उठून टीव्हीपाशी जायला लागतं, आत्याचे गुडघे त्याला तयार नाहीत.

हळू नेटवर डाउनलोड कसं बसवायचं

हिशोब सोपा आहे. १ एमबीपीएस स्पीड म्हणजे मिनिटाला साधारण साडेसात एमबी. आत्याच्या घरी रात्री अकरानंतर २ एमबीपीएस मिळतं, म्हणजे मिनिटाला १५ एमबी. ३०० एमबीचा एपिसोड असेल तर २० मिनिटं, पाच एपिसोड १०० मिनिटात. टीव्हीवर थेट एचडी बघायला सलग ५ एमबीपीएसच्या आसपास लागतं आणि मध्ये एकदा स्पीड पडला की चित्र थांबतं, पण डाउनलोडला पडलेल्या स्पीडने काही बिघडत नाही, जरा उशिरा संपतं इतकंच. म्हणून रात्री झोपताना फोन चार्जिंगला लावून, अॅप उघडं ठेवून डाउनलोड लावायचं. काही फोन बॅटरी वाचवायला अॅप मागे गेलं की डाउनलोड थांबवतात, सकाळी बघितलं की अर्ध्यावर अडकलेलं असतं, तसं झालं तर त्या अॅपला बॅटरी सेव्हरमधून सूट द्या.

क्वालिटीचं मात्र बघा. अॅपच्या सेटिंगमध्ये डाउनलोडसाठी स्टँडर्ड आणि हाय असे पर्याय असतात. फोनच्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच वाटतात, पण ४३ इंची टीव्हीवर स्टँडर्ड धुरकट दिसतं, मालिकेतल्या साड्यांचे काठ ओळखू येत नाहीत असं आत्याचंच म्हणणं. मालिकेला स्टँडर्ड चालून जातं, पिक्चर असेल तर हाय घ्या आणि एक रात्र जास्त द्या. काही फोनमध्ये हाय निवडूनही चित्र ४८० पीच्या वर जात नाही, त्याला फोनमधलं `Widevine` नावाचं कुलूप कारण असतं, त्याची पातळी L1 असेल तर एचडी, L3 असेल तर नाही. नेटफ्लिक्सच्या अॅपमध्ये प्लेबॅक स्पेसिफिकेशन म्हणून पान असतं तिथे हे लिहिलेलं सापडतं.

मुदतही असते. बऱ्याच अॅपमध्ये एकदा एपिसोड चालू केला की ठराविक वेळेत संपवायला लागतो, कितीतरी ठिकाणी ४८ तास, तो आकडा अॅपच्या डाउनलोडच्या यादीत दिसतो. म्हणून पाचही एपिसोड थोडे थोडे उघडून "चालतात का" असं बघू नका, एकच उघडून बघा. अॅपमधून लॉगआऊट पण करू नका, बहुतेक अॅपमध्ये त्याने सगळे डाउनलोड उडतात.

आणि हे मी सगळ्यांना आवर्जून सांगतो, तुमचा प्लॅन कोणता आहे ते वाचा. फक्त मोबाईलसाठीचे जे स्वस्त प्लॅन असतात त्यात टीव्हीवर बघणं धरलेलं नसतं, वायर बरोबर, अॅडॅप्टर बरोबर आणि तरी अॅप अडवतं. आपण मात्र वायरीला दोष देत बसतो.

संध्याकाळी जोडताना

आधी फोन एअरोप्लेन मोडवर टाका आणि अॅपमध्ये डाउनलोडची यादी उघडून एपिसोड दहा सेकंद फोनवरच चालवून बघा. नेट बंद असताना चालला म्हणजे खरंच उतरलाय. एअरोप्लेन मोडचा दुसरा फायदा, मध्ये कोणाचा फोन येऊन टीव्हीभर नाव झळकत नाही.

मग एचडीएमआय वायर टीव्हीच्या मागे किंवा बाजूला घाला, भोकावर १, २, ३ असे नंबर असतात, तो लक्षात ठेवा. वायरीचं दुसरं टोक अॅडॅप्टरमध्ये. चार्जर अॅडॅप्टरमध्ये. शेवटी अॅडॅप्टर फोनमध्ये, नीट टच होईपर्यंत, फोनला जाड कव्हर असेल तर काढा कारण कव्हरमुळे पिन अर्धवट बसते आणि चित्र येऊन जाऊन राहतं. मग टीव्हीच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुटचं बटण दाबून तोच नंबर निवडा. सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवरून हे होत नाही, टीव्हीचा रिमोट शोधा, बहुतेक घरात तो कपाटावर धूळ खात असतो.

सॅमसंगच्या एस सिरीजवाल्यांना टीव्हीवर कधी कधी कॉम्प्युटरसारखं डेस्कटॉप दिसतं, त्याला डेक्स म्हणतात. घाबरू नका, फोनवर वरून नोटिफिकेशन ओढा आणि तिथून स्क्रीन मिररिंग निवडा. मग एपिसोड लावा, फोन आडवा करा, झालं.

होत नसेल तर काय दिसतंय त्यावरून कारण ओळखता येतं. टीव्ही "नो सिग्नल" म्हणत असेल आणि फोनवर फक्त चार्जिंगचं चिन्ह असेल तर तुमचा फोन चित्रच देत नाहीये, किंवा तुम्ही टीव्हीचा नंबर चुकीचा निवडलाय. नंबर तपासा, अॅडॅप्टर उलटा करून घाला, दुसऱ्या कोणाचा चित्र देणारा फोन लावून बघा, त्यात आलं तर अॅडॅप्टर चांगला आणि तुमचा फोनच त्यातला नाही. होम स्क्रीन दिसतोय पण एपिसोड काळा आणि आवाज चालू, म्हणजे ते कुलूप, अॅडॅप्टर बदलायचा. मध्ये स्प्लिटर किंवा जुन्या डबा टीव्हीसाठीचा लाल पिवळी पिन देणारा कन्व्हर्टर असेल तर आधी तो काढून बघा, पुष्कळदा तोच नडतो. चित्र टीव्हीवर आणि आवाज फोनमधून येत असेल तर फोनला ब्लूटूथ हेडफोन जोडलेला नाही ना बघा, आणि व्हॉल्यूमच्या पॅनलमध्ये आवाज कुठे पाठवायचा ते विचारलेलं असतं तिथे एचडीएमआय करा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील, सबटायटलं अर्धी दिसत असतील तर तो टीव्हीचा पिक्चर साईझ, सॅमसंगमध्ये फिट टू स्क्रीन, एलजीमध्ये जस्ट स्कॅन.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२, ४३ ला जातो, अशा वेळी फोन एकीकडे चार्ज होतोय, दुसरीकडे चित्र देतोय म्हणजे चांगलाच तापतो. तापला की आधी चार्जिंग हळू होतं, मग स्क्रीन मंद होते, शेवटी चित्र अडखळतं. फोन सेट टॉप बॉक्सवर ठेवू नका, गादीवर उशीखाली तर नाहीच, फरशीवर पंख्याखाली ठेवा आणि ब्राइटनेस पूर्ण खाली करा, टीव्हीवर त्याने काही फरक पडत नाही. लाईट गेली आणि टीव्ही इन्व्हर्टरवर असेल तर राउटर बंद असला तरी एपिसोड चालू राहतो, आत्याला या सगळ्यातलं हेच सगळ्यात जास्त आवडलं.

वायर जमत नसेल तर मिररिंग

फोन चित्र देत नसेल तर हा मार्ग आहे, पण अर्धा. सॅमसंगमध्ये `Smart View`, बाकीच्यांत स्क्रीन कास्ट किंवा वायरलेस डिस्प्ले असं नाव असतं, आणि टीव्हीच्या इनपुटच्या यादीत `Screen Mirroring` किंवा `Screen Share`. आधी टीव्हीवर ते उघडा, मग फोनवर दाबा, टीव्हीचं नाव येईल, कधी पिन मागतो, टाका. ही मिराकास्टची पद्धत आहे, यात फोन आणि टीव्ही एकमेकांशी थेट वायफायने बोलतात, मध्ये राउटर नको, इंटरनेट नको. फोनचं वायफाय चालू पाहिजे, जोडलेलं नसलं तरी चालतं. सगळ्या फोनमध्ये नसतं, गूगलच्या पिक्सेलमध्ये मिराकास्ट नाही. आयफोनचं एअरप्ले वेगळं, त्यासाठी टीव्हीला एअरप्ले पाहिजे.

आता अर्धा का म्हटलं ते. घरचे व्हिडिओ, फोटो, युट्युबचे साधे व्हिडिओ सहसा आरामात दिसतात. पण नेटफ्लिक्स, प्राईमसारख्या अॅपचे डाउनलोड पुष्कळदा काळे दिसतात, तेच कुलूप. अॅप, फोन आणि टीव्हीच्या जोडीप्रमाणे बदलतं, म्हणून एकदा करून बघा, आणि काळं दिसलं तर सेटिंग चाळत बसू नका, तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. ओंकारच्या फोनवर दोन अॅपचे एपिसोड लावून बघितले, एकाचा काळा आला, एकाचा दिसला पण आवाज ओठांच्या मागे मागे. फोन टीव्हीपासून दोन तीन मीटरवर आणला आणि बाकी सगळ्यांचं ब्लूटूथ बंद केलं तेव्हा आवाज बराच जुळला.

फोनला वायर नाही आणि मिररिंगला अॅप नाही म्हणतंय, अशा वेळी नवा फोन घ्यायची गरज नाही. घरातल्या किंवा शेजारच्या कोणाकडे जुना एस सिरीजचा फोन पडून असेल, स्क्रीनला तडा असला तरी चालतो, बॅटरी आणि टाईप सीचा पॉइंट धड पाहिजे. त्यात तुमच्या अकाऊंटने अॅप टाका, एपिसोड त्यातच उतरवा आणि तो फोन टीव्हीपाशीच कायमचा ठेवा. फक्त घ्यायच्या आधी बघा की त्यावर ते अॅप अजून चालतं का, फार जुन्या अँड्रॉइडवर अॅप अपडेट व्हायचं बंद होतं. आणि अॅपमध्ये किती उपकरणांवर डाउनलोड ठेवता येतात त्याला मर्यादा असते, ती भरली असेल तर जुन्या कुठल्या तरी फोनमधले डाउनलोड काढायला लागतात.

तुमच्याकडे स्वतःच्या फाईली असतील, म्हणजे बारशाचा व्हिडिओ, कुणी दिलेलं भजनाचं रेकॉर्डिंग, तर त्याला यातलं काहीच नको, पेन ड्राईव्हवर घेऊन टीव्हीच्या यूएसबीत लावा. फाईल ४ जीबीच्या वर असेल आणि कॉपी होत नसेल तर पेन ड्राईव्ह एफएटी ३२ चा आहे, तो कॉम्प्युटरवर एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करायचा, आतलं आधी दुसरीकडे काढून ठेवून. जुना टीव्ही एक्सएफएटी वाचतो का तेवढं एका छोट्या फाईलने आधी बघून घ्या.

आत्याकडे आता हे असं बसलंय. रविवारी रात्री बायकोच्या फोनवर आठवड्याचे एपिसोड लागतात, सोमवारी ती ऑफिसमधून येताना फोन आणि अॅडॅप्टर घेऊन जुळे सोलापुरात उतरते, दोघी मिळून दोन तास बघतात, कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाऊन मग घरी. वायर टीव्हीला कायमची लावलेली आहे, एचडीएमआय २ ला, आणि आत्याने रिमोटवर इनपुटच्या बटणाला नेल पॉलिशचा लाल ठिपका लावलाय.